आधी दहा हजार बाजूला, मग कार्ड, मग बाकीचं सगळं

पत्र : ताई, मी २३ वर्षांचा, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. पाच महिने झाले वाळूजला कंपनीत लागून, हातात २५,००० येतात. रूम, मेस, पेट्रोल धरून माझा खर्च साडेदहा हजार, घरी ४,००० पाठवतो, एज्युकेशन लोन अडीच लाखाचं आहे साडेदहा टक्क्यांनी, त्याचा हप्ता ३,४००. क्रेडिट कार्डवर ४२,००० झालेत, त्याचे मिनिमम २,१०० भरतो. बाकी पाच हजार कुठं जातात कळत नाही, बचत शून्य. रूममेट म्हणतो एसआयपी आत्ताच सुरू कर, उशीर केला तर लाखोंचं नुकसान. मामा पॉलिसी घे म्हणतात, महिना अडीच हजारांची. मला वाटतं आधी मोठं कर्ज म्हणजे एज्युकेशन लोन फेडावं. त्यात बाबांचं बँकेचं पीककर्ज ८०,००० आणि गावातल्या एकाकडून शेकडा तीननं घेतलेले ४०,००० आहेत. सोयाबीनचे पैसे आलेत, बाबा म्हणतात त्या माणसाचे देऊन टाकू, बँकेचं राहू दे, माफी होईल. नेमकं आधी काय करू?

उत्तर :

लेकरा, पहिली गोष्ट म्हणजे तू आकडे लिहून पाठवलेस हे फार चांगलं केलंस, कारण या प्रश्नाचं उत्तर आकड्यांशिवाय देताच येत नाही. आणि तुझ्यासारखी पत्रं लातूर, बीड, नांदेडकडूनही येतात, रक्कम वेगळी असते पण गुंता हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू कर्जांकडे मोठं कोणतं आणि छोटं कोणतं असं बघतोयस. अडीच लाख ऐकूनच छातीत धस्स होतं, खरंय ते, पण कर्ज किती मोठं आहे यापेक्षा ते महिन्याला तुझ्याकडून किती घेतं हे बघ. एज्युकेशन लोनचं व्याज साडेदहा टक्के, म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला नव्वद पैशांच्या आत. बाबांनी गावात घेतलेत ते शंभरावर तीन रुपये. आणि तुझं कार्ड? बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरावर चार रुपयांच्या वर गेलं. गावातल्या माणसाला आपण सावकार म्हणतो आणि कार्डाला बँकेची सोय म्हणतो, पण दर बघितला तर कार्ड त्याच्यापेक्षा महाग आहे.

तुझ्याच आकड्यांवर करून बघू. ४२,००० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज झालं १,४७०, त्यावर जीएसटी २६५, एकूण १,७३५. तू भरतोस २,१००. म्हणजे मूळ रकमेतून महिन्याला फक्त ३६५ रुपये कमी होतात. असंच २,१०० भरत राहिलास आणि कार्ड परत एकदाही वापरलं नाहीस तरी ते संपायला साडेतीन वर्षांच्या वर लागतील आणि तोपर्यंत तुझ्या खिशातून नव्वद हजारांच्या आसपास गेलेले असतील. स्टेटमेंट उघडून फायनान्स चार्जेसची ओळ बघ, तुझ्या कार्डाचा नेमका दर तिथंच कळेल, थोडा इकडंतिकडं असेल पण चित्र हेच असणार.

अजून एक, जे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. मागची बाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलंस तर त्याला ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी मिळत नाही, खरेदी केलेल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून आजपासून कार्ड पाकिटातनं काढून गावाकडच्या कपाटात ठेव, आणि शॉपिंग अॅपवर, जेवण मागवायच्या अॅपवर जिथं जिथं सेव्ह केलंयस तिथून डिलीट कर. बंद मात्र आत्ता करू नको, बाकी असताना ते होतही नाही.

आता एसआयपीचं. रूममेट खोटं बोलत नाही, लवकर सुरू केलेल्या पैशाला वाढायला जास्त वर्षं मिळतात हे खरंच आहे, पण तो हिशोब ज्याच्या डोक्यावर चाळीस टक्क्यांचं कर्ज नाही त्याच्यासाठी आहे. समज तू महिन्याला ५,००० एसआयपीत टाकलेस आणि चांगले १२ टक्के मिळाले, जे कुणी लिहून देत नाही, तर वर्षाअखेर साठ हजारांवर साडेतीन हजारांच्या आसपास वाढ दिसेल. त्याच वर्षात कार्ड तुझ्याकडून वीस हजारांच्या जवळ व्याज घेऊन गेलेलं असेल. साडेतीन हजार कमवायला वीस हजार घालवायचे, हे तुला तरी पटेल का? कार्डात भरलेला प्रत्येक रुपया तुला वर्षाला चाळीस टक्के वाचवून देतो आणि ते वाचणं पक्कं असतं, एवढं पक्कं देणारा फंड बाजारात नाही.

आणि गुंतवणूक शून्य आहे असं जे तुला वाटतंय ना, ते बहुतेक तसं नाहीये. पगाराची स्लिप काढ. पीएफ कापला जात असेल तर तुझी गुंतवणूक पहिल्या महिन्यापासून चालू आहे. समज कंपनी १५,००० धरून पीएफ कापते, तर तुझे १,८०० जातात आणि कंपनीचेही १,८००, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० तुझ्या पीएफला. म्हणजे २,३५० रुपये महिना, ज्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं. पासबुक बघत जा, आणि उद्या नोकरी बदललीस तर ते पैसे काढून मोबाईल घेऊ नको, त्याच यूएएनवर, म्हणजे तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर कर. ही तुझी म्हातारपणाची सोय आपोआप होतेय, त्यामुळं पुढचं एक वर्ष एसआयपी केली नाही म्हणून तू मागं पडणार नाहीस.

मग मिनिममचे २,१०० आणि ते बाकीचे पाच हजार असे सगळे सात हजार उद्यापासून कार्डात ओतायचे का? नाही, आणि इथंच बरीच जण अडकतात. समज तू नेटानं चार महिने सात-सात हजार भरलेस, आणि पाचव्या महिन्यात रात्री अकराला फोन आला की आईला परभणीला दवाखान्यात नेलंय. हातात रोख काहीच नाही. मग काय करशील? तेच कार्ड परत घासशील, किंवा मोबाईलवरच्या एखाद्या लोन अॅपवर बोट ठेवशील, किंवा गावातला तोच माणूस. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत परत कर्जात. कार्डाची लिमिट हाच माझा इमर्जन्सी फंड असं म्हणणारी पोरं मला भेटतात, पण लिमिट बँक कधीही कमी करू शकते, आणि कार्डावरून एटीएममधून रोख काढली तर वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून सगळ्यात आधी एक छोटी रक्कम. सहा महिन्यांचा खर्च वगैरे जे सांगतात ते आत्ता सोडून दे, त्याला तुला दीड वर्ष लागेल आणि तोपर्यंत कार्ड खात बसेल. तुझा एका महिन्याचा स्वतःचा खर्च, म्हणजे दहा हजार, एवढं बस. पगार पंधरा-वीस दिवस लांबला, गाडीचं इंजिन काढावं लागलं, तातडीनं गावाकडं जाऊन दोन दिवस दवाखान्यात थांबावं लागलं, अशा बहुतेक अडचणी दहा हजारांत निभावतात. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने कार्डाला मिनिमम २,१०० भर आणि ५,००० बाजूला काढ, दोन पगारांत दहा हजार उभे. हे पैसे बाजूला ठेवल्यामुळं कार्डाचं व्याज महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास जास्त जाईल, मान्य आहे, पण परत कर्जात न पडण्याची ती किंमत आहे आणि मला ती रास्त वाटते.

फेब्रुवारीपासून मात्र सगळे ७,००० कार्डात. मी महिन्यामहिन्याचं मांडून बघितलं, जानेवारीअखेर ४१,००० च्या वर बाकी राहते, एप्रिलअखेर २५,००० च्या खाली येते, जूनअखेर साडेबारा हजार, आणि ऑगस्टमध्ये संपते. सगळं मिळून व्याज साडेदहा हजारांच्या आसपास जातं. नव्वद हजारांच्या जागी साडेबावन्न हजार, तेही नऊ महिन्यांत. शेवटचा हप्ता भरल्यावर पुढच्या महिन्याचं बिलही उघडून बघायचं बरं का, कारण बिल निघाल्यापासून तू भरेपर्यंतच्या दिवसांचं थोडं व्याज मागून येतं, शंभर-दोनशेच असतं पण राहिलं तर त्याच्यावर लेट फी लागते आणि सिबिल खराब होतं.

याच्यात एक सोपी वाट आहे, ती आधी विचारून बघ. कार्डवाल्या बँकेला फोन करून म्हण की बाकी ईएमआयमध्ये करून द्या. दर किती, प्रोसेसिंग फी किती, मधेच फेडलं तर काय लागेल, हे तीन प्रश्न. समज १६ टक्क्यांनी १२ महिन्यांचं करून दिलं, तर हप्ता ३,८०० च्या आसपास बसतो आणि वर्षभराचं व्याज चार हजारांच्या आत राहतं, वर त्या व्याजावरचा जीएसटी आणि फी. म्हणजे नुसतं भरत जाण्यापेक्षा निम्म्याहून कमी. शिवाय महिन्याला सव्वातीन हजार हातात राहतात, त्यातून दहा हजार तीन महिन्यांत जमतात आणि पुढंही तोच ढीग वाढत राहतो. धोका एकच आणि तो मोठा आहे. हप्ते फिटत जातात तशी लिमिट परत मोकळी होत जाते, आणि मोकळी दिसली की हात जातो. स्वतःवर भरवसा नसेल तर लिमिटच कमी करून घे.

आता घरचं, आणि मला विचारशील तर तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, जो तू शेवटी घाईत लिहिलायस. तू तुझी कर्जं आणि बाबांची कर्जं वेगळी धरतोयस. कागदावर ती वेगळीच आहेत आणि बाबांचं कर्ज तुझ्या पगारातून फेड असं मी अजिबात म्हणणार नाही. पण आपल्याकडं जूनमध्ये बी-खताला पैसे कमी पडले की फोन तुलाच येणार, आणि तेव्हा तू नाही म्हणू शकणार नाहीस. तुझी इमर्जन्सी बऱ्याचदा वाळूजला नाही, शेतावर सुरू होणार आहे. म्हणून ते दार आधीच बंद करून ठेवायचं.

शेकडा तीनवाल्याचे ४०,००० सोयाबीनच्या पैशातून देऊन टाकायचे, हे बाबांचं बरोबर आहे, शंभर टक्के. महिन्याला १,२०० रुपये जातात तिथं. देताना दोन माणसांसमोर द्या, जमलं तर खात्यावरून द्या, आणि घेताना कोरा स्टॅम्प, कोरा चेक, सही केलेला कागद जे काही दिलं असेल ते सगळं परत घ्या, त्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. तो ऐकतच नसेल तर हेही माहीत असू दे की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण न घेता दिलेल्या कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, आणि विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. गावात राहून तक्रार करणं किती अवघड असतं ते मला कळतं, म्हणून आधी फेडून मोकळं होणं बरं.

पण बँकेचं राहू दे, माफी होईल, याला मात्र मी हात जोडून नको म्हणेन. २०१७ ला माफी झाली, २०१९ ला झाली, बाबांची आशा हवेतली नाही. तरी हिशोब बघ. पीककर्ज वेळेत भरलं तर आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून. तुमच्या घरातला हा सगळ्यात स्वस्त पैसा आहे. मुदत चुकली की सवलत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे खातं थकीत पडलं की जूनमध्ये नवीन पीककर्ज मिळत नाही. मग पेरणीला पैसे कुठून आणणार? परत शेकडा तीन. समज ४०,००० परत उचलले आणि सोयाबीन निघेपर्यंत सहा महिने ठेवले, ७,२०० रुपये व्याज झालं. बिनव्याजी पैसा सोडून छत्तीस टक्क्यांचा घ्यायचा, तोही माफीची वाट बघत, जी तुमच्याच कर्जाला लागू होईल याची खात्री कुणी देत नाही.

सोयाबीनच्या पैशातून त्या माणसाचे ४०,००० गेल्यावर बँकेचे ८०,००० एकदम निघणार नाहीत, मला दिसतंय. एकदम लागतही नाहीत. बाबांना घेऊन शाखेत जा आणि मुदतीची तारीख साहेबांकडूनच विचारून घे, अंदाजानं नाही. हरभरा निघेपर्यंत वेळ असेल तर ते पैसेही त्यात येतील. बाकी नवं-जुनं कसं करतात ते बाबांना माहीतच आहे, जुनं भरायचं आणि थोड्या दिवसांत नवीन उचलायचं. त्या मधल्या दिवसांसाठी पाच-दहा हजार कमी पडत असतील तर तुझ्या त्या दहा हजारांतून दे, ही खरी इमर्जन्सी आहे, आणि नवीन कर्ज खात्यावर आलं की पहिल्यांदा तुझे पैसे तुझ्या खात्यावर परत. हे बाबांशी आधीच बोलून ठेव, नंतर मागायला जीव संकोचतो. आणि पैसे भरायच्या आधी शाखेत एवढं पक्कं विचार की नवीन मंजूर होणार ना, सातबारा, आठ-अ, इतर बँकेचा बेबाकी दाखला काय काय लागेल, नाहीतर भरून बसाल आणि कागदांपायी पेरणी निघून जाईल.

बाबांशी हे बोलताना व्याजाचे टक्के सांगू नको. तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला पोरानं पाच महिन्यांच्या पगारावर शिकवलेलं आवडत नाही. एवढंच विचार, बाबा, जूनमध्ये पेरणीला पैसे कुठनं आणायचे? उत्तर त्यांच्याच तोंडून निघू दे.

दवाखान्याचं एक. मोठ्या आजारपणासाठी लाख-दोन लाख जमवायचे म्हणून घाबरू नको. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या दवाखान्यात आणि योजनेतल्या आजारांसाठीच. घरच्यांचं रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेव, परभणीतले कोणते दवाखाने योजनेत आहेत ते आत्ताच विचारून ठेव, आणि दवाखान्यात गेल्यावर आधी तिथं योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठायचं, बिल फाडण्याआधी. तुझ्या फंडातून मग गाडीभाडं, बाहेरच्या गोळ्या, तपासण्या, राहणं-खाणं एवढंच निघेल. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर त्यात आईबाबा येतात का तेही एचआरला विचार.

ऑगस्टमध्ये कार्ड संपलं की सप्टेंबरपासून काय? तुझा खर्च, हप्ता आणि घरचे मिळून महिन्याला १८,००० च्या जवळ लागतात. तीन महिन्यांचे झाले ५४,०००. दहा हजार आहेत, ४४,००० जमवायचे. इथं मी थोडी सूट देते, ६,००० फंडाला आणि १,००० ची एसआयपी एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, कारण बाजार वर-खाली होताना आपल्या पोटात काय होतं ते हजार रुपयांवर शिकलेलं बरं. या हिशोबानं पुढच्या वर्षीच्या पेरणीआधी, एप्रिल-मेपर्यंत, फंड पूर्ण होतो. कंपनीच्या रोलवर नसून ठेकेदाराकडं असशील तर तीनच्या जागी पाच-सहा महिन्यांचे धर, कारण तिथं ऑर्डर कमी झाली की पहिल्यांदा तीच पोरं घरी बसवतात.

हा फंड एसआयपीतच ठेवला तर काय बिघडतं, असं रूममेट विचारेल. त्याला २०२० सांग. जानेवारीत बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६०० च्या आसपास आला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागून कंपन्या बंद पडल्या. ज्या दिवशी पैसे लागले त्याच दिवशी ते लाखाचे बासष्ट-त्रेसष्ट हजार झाले होते. पुढं बाजार सावरला, पण तो ज्याला थांबता आलं त्याच्यासाठी.

भिशीत पण नको. भिशी वाईट नाही, पण नंबर लागायची वेळ आणि अडचणीची वेळ जुळत नाही. आणि पतसंस्था, मल्टीस्टेट, जिथं बारा-तेरा टक्के देतो म्हणतात, तिथं तर नकोच नको. मागच्या काही वर्षांत आपल्या मराठवाड्यात ठेवीदारांचे किती हाल झाले ते तू बघितलंच असशील, शाखेच्या बंद शटरसमोर म्हातारी माणसं पावत्या धरून उभी होती. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, एवढी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांग. तुझ्यासाठी साधी सोय म्हणजे पगाराच्या खात्यापेक्षा वेगळ्या बँकेत सेव्हिंग खातं, ज्याला यूपीआय जोडायचं नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप पैसे तिकडं जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लाव. ते जे पाच हजार कुठं जातात कळत नाही म्हणालास ना, ते महिनाअखेर शोधून सापडत नसतात, महिन्याच्या सुरुवातीलाच हलवावे लागतात. पहिले दहा हजार खात्यातच राहू दे, त्याच्यापुढच्या दहा-दहा हजारांच्या छोट्या एफडी कर, म्हणजे गरज पडली की एकच मोडायची, आणि मुदतीआधी मोडली तरी व्याजातलाच थोडा भाग जातो, मुद्दल जात नाही.

चुलतभावाचं लग्न, दिवाळीचे कपडे, गाडीचा इन्शुरन्स यासाठी फंडाला हात लावायचा नाही, हे खर्च येणार ते आधीच माहीत असतं. दर महिन्याला फंडातून काहीतरी काढावं लागत असेल तर समज की साडेदहा हजारांचा आकडाच खोटा आहे, खरा खर्च बारा-तेरा असेल. मग रागावू नको स्वतःवर, आकडा दुरुस्त कर आणि कार्डाचे दोन महिने वाढव.

आणि तुझं एज्युकेशन लोन? हप्ता एकदाही चुकवायचा नाही, बस. आत्ता जास्तीचं काही भरू नको. टॅक्स वाचतो म्हणून ते लांबवावं असंही कुणी सांगेल, पण एज्युकेशन लोनच्या व्याजावरची ८०ई ची सवलत जुन्या पद्धतीत टॅक्स भरणाऱ्यालाच आहे, तुझ्या पगारावर टॅक्सच बसत नाही, तर वाचणार काय. तुझ्यासाठी साडेदहा टक्के म्हणजे पूर्ण साडेदहा. म्हणून फंड पूर्ण झाल्यावर उरलेल्या सात हजारांतले निम्मे एसआयपीत आणि निम्मे लोनमध्ये जादा भर असं मी सांगेन. दर फ्लोटिंग म्हणजे बदलता असेल तर आधी फेडण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. जादा भरताना शाखेत सांगायचं की हप्ता आहे तेवढाच ठेवा, मुदत कमी करा, नाहीतर कधीकधी ते पैसे पुढच्या हप्त्यांचे ॲडव्हान्स म्हणून पडून राहतात आणि व्याज काही कमी होत नाही.

मामांच्या पॉलिसीचं राहिलं. अडीच हजार महिना म्हणजे तुझ्या उरणाऱ्या सात हजारांतला तिसरा हिस्सा, पंधरा-वीस वर्षं बांधलेला, आणि अशा बचतीच्या पॉलिसीत साधारण पाच-सहा टक्केच सुटतात. कार्ड चाळीसनं चालू असताना तर विषयच नको. आईबाबा तुझ्यावर अवलंबून आहेत तर विमा हवाच, पण तो साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, ज्याचा तुझ्या वयाला हप्ता फार कमी असतो, तो कार्ड संपल्याबरोबर घे. मामांना स्पष्ट सांग की वर्षभर कर्ज फेडतोय, त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. आणि समजा त्यांच्या शब्दाखातर सही करून बसलाच असशील, तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, थोडे खर्च कापून पैसे मिळतात, कंपनीला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.